बारा लाखांचा जमाखर्च

आपल्या रेडिओवर मी याआधी दोनदा बोलले, दोन्ही वेळा मागायला आले होते. आज मागायचं काही नाही. आपल्या गावातल्या तान्ह्या मुलीच्या यकृत प्रत्यारोपणासाठी तुम्ही जे पैसे दिलेत, ते पोचले, कामी आले, आणि मुलगी काल संध्याकाळी आईच्या कडेवर बसून आमच्या गटाच्या बैठकीला आली. तिच्या नाकातोंडावर मास्क होता आणि तो ती सारखी ओढून काढत होती. आम्हा बायकांनी तिला लांबूनच पाहिलं, कारण तिला अजून गर्दीत घ्यायचं नाही. तुमचे आभार मानायला आई स्वतः येणार होती. पण तिचीही शस्त्रक्रिया झालेली आहे, एसटीचा प्रवास तिला अजून नको, म्हणून तिच्या वतीनं मी बोलते. गटाचा हिशेब मी ठेवते, हाही हिशेब माझ्याकडेच होता.

पुष्कळ जणी विचारतात की एवढ्याशा लेकराला झालं तरी काय. म्हणून आधी तेवढं सांगते. जन्मल्यावर पुष्कळ बाळं पिवळी पडतात आणि आठ-दहा दिवसांत ती कावीळ उतरते. हिची उतरली नाही. घरच्यांना सांगितलं गेलं की कोवळ्या उन्हात धरा, जाईल. पण हिची शी पांढुरकी, चिकणमातीच्या रंगाची होत होती आणि लघवी गडद पिवळी. यकृतातून पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्याच बंद होत्या. या आजाराला बायलरी अट्रेशिया म्हणतात. पित्तामुळे शीला रंग येतो. पित्त पोचलंच नाही की शी पांढरी होते. या आजारावर कसाई नावाची एक शस्त्रक्रिया असते. कसाई हे ती शोधणाऱ्या जपानी डॉक्टरांचं नाव आहे, उगाच दचकू नका. ती बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झाली तर जास्त उपयोगी पडते. ही तिथे पोचली तेव्हा चौथा महिना लागला होता. शस्त्रक्रिया झाली, पण पित्त वाहायला लागलं नाही आणि यकृत खराब होत गेलं. मग प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरला नाही. चौदा दिवसांपुढे बाळाची कावीळ राहिली आणि शी पांढुरकी दिसली, तर बाळ थेट मुलांच्या डॉक्टरांकडे न्या आणि रक्तातल्या बिलिरुबिनचे दोन्ही भाग तपासायला सांगा. एवढं आईनं तुम्हाला सांगायला मला बजावलंय.

आता पैशांकडे येते.

रुग्णालयानं लेखी अंदाजपत्रक दिलं होतं. आई आणि मूल या दोघींच्या शस्त्रक्रिया, आईचे सात दिवस आणि मुलीचे एकवीस दिवस, यांचं पॅकेज 14 लाख 50 हजार. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या सुमारे 1 लाख 40 हजार. घरी सोडल्यावर पहिले तीन महिने रुग्णालयाजवळ राहावं लागतं, तिथली खोली, औषधं आणि रक्ताच्या तपासण्या मिळून आम्ही 1 लाख 10 हजार धरले. म्हणजे 17 लाख. घरच्यांनी दागिने ठेवून आणि म्हैस विकून 2 लाख उभे केले. एका धर्मादाय न्यासाकडून 2 लाख मिळाले आणि मुख्यमंत्री सहायता निधीतून 1 लाख. ही दोन्ही रक्कम आमच्या हातात आली नाही, परस्पर रुग्णालयाच्या खात्यात गेली. राहिले 12 लाख. तेवढेच आम्ही तुमच्याकडे मागितले.

तुमच्याकडून आले 12 लाख 6 हजार 850. त्यातले 7 लाख 42 हजार 500 मोबाइलवरच्या निधीच्या पानातून आले, 2 लाख 86 हजार थेट बँकेच्या खात्यात आणि 1 लाख 78 हजार 350 रोख, म्हणजे डब्यांत, आठवडी बाजारात, शाळेत, गटांच्या बैठकांत.

पानावर बारा लाखांचा पट्टा पूर्ण हिरवा झाला त्या रात्री फोनवर फोन आले, काकू झालं, आता काळजी मिटली. पण पानावर दिसतो तो आकडा आणि हातात येतो तो आकडा यांत फरक असतो. ऑनलाइन पैसे आले की ते वाहून आणणारी यंत्रणा आपला भाग कापते. आमच्या बाबतीत शंभरामागे अडीच रुपये आणि त्या अडीच रुपयांवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे शंभरामागे 2 रुपये 95 पैसे. सात लाख बेचाळीस हजारांवर ते झाले 21 हजार 904. त्यामुळे तुमच्या 12 लाख 6 हजारांतले वापरायला मिळाले 11 लाख 84 हजार 946. आम्ही हा कटाव जमाखर्चाच्या पहिल्याच पानावर लिहिलाय. काही जणींनी पैसे देताना वर टिप म्हणूनही रक्कम दिलेली दिसते. पैसे देण्याच्या आधी तिथे एक आकडा आपोआप भरलेला असतो, तो खाली आणून शून्य करता येतो. ती टिप पान चालवणाऱ्यांना जाते, मुलीच्या रकमेत धरली जात नाही. म्हणून कुणाच्या बँकेतून 1,100 गेले असतील आणि आमच्या यादीत 1,000 दिसत असतील तर तो फरक तिथला आहे.

तिघी-चौघींचं म्हणणं असं होतं की आम्ही पैसे दिले, यादीत नावच नाही. एकेकीचा मोबाइल हातात घेऊन पाहिलं. दोघींचे पैसे खरंच आलेले होते. यूपीआयवर नाव नवऱ्याचं किंवा दुकानाचं होतं, एवढंच. पण एकीनं जो क्यूआर स्कॅन केला होता तो आमचा नव्हता. आमचंच पत्रक, मुलीचा तोच फोटो, आणि खालचा चौकोन कुणीतरी बदललेला. असं पत्रक गटागटांतून फिरलं की मूळ कुठलं ते कळत नाही. स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, तिथे आईचं नाव यायला हवं होतं, तिसऱ्याच माणसाचं आलं. त्या ताईनं लगेच 1930 या सायबर क्रमांकावर तक्रार नोंदवली, आणि आम्ही शाळेच्या फळ्यावर खातेदाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. ती रक्कम आमच्या हिशेबात नाही. पण त्या ताईंचे आभार आमच्या यादीत आहेत. त्यांनी दिलं ते मुलीसाठीच.

डब्यांबद्दल एक वाक्य. बारा डबे होते, प्रत्येकावर क्रमांक. दर रविवारी ते तीन जणांसमोर उघडले, रक्कम वहीत लिहिली आणि सोमवारी आहे तशी बँकेत भरली. डब्यातून परस्पर एसटीचं तिकीटसुद्धा काढलं नाही. त्यामुळे वही आणि पासबुक शेजारी ठेवलं की आकडे जुळतात. एका डब्यात शाळेतल्या मुलांनी एक-एक, दोन-दोन रुपयांची नाणी मिळून 2,340 रुपये टाकले होते. बँकेतल्या भाऊसाहेबांना ती मोजायला अर्धा तास लागला. ते चिडले नाहीत, त्यांचेही आभार.

खर्च सांगते. घरचे, न्यासाचे आणि मुख्यमंत्री निधीचे पाच लाख धरून एकूण 16 लाख 84 हजार 946 रुपये खर्चायला होते.

तपासण्यांना 1 लाख 31 हजार 200 लागले. यातले 34 हजार वडिलांच्या तपासण्यांचे आहेत, आणि यावर प्रश्न आला होता की यकृत आईनं दिलं, मग वडिलांवर 34 हजार का. प्रश्न बरोबर आहे. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा घ्यायचा तर त्याचा रक्तगट जुळावा लागतो, यकृत निरोगी हवं, आणि आतल्या रक्तवाहिन्या कशा गेल्यात ते सीटी स्कॅनवर पाहावं लागतं. आईच्या अंगात रक्त कमी होतं म्हणून आधी वडील पुढे झाले. रक्तगट जुळला, पण स्कॅनमध्ये यकृतावर चरबी निघाली. दिसायला सडपातळ माणूस, दारूचा थेंब नाही, तरी निघाली. अशा यकृताचा तुकडा घेणं दोघांनाही धोक्याचं. तेव्हा ते बाद झाले आणि आईच्या तपासण्या सुरू झाल्या, त्यांना 61 हजार 200 लागले. मुलीच्या तपासण्यांना 36 हजार. पहिला दाता बाद होणं हे नेहमीचं आहे, आणि जो बाद झाला त्याच्या तपासणीचे पैसे परत येत नाहीत.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. त्या दिवसांत दोन अनोळखी फोन आले, पैसे द्या, आमचं यकृत घ्या म्हणून. आपल्याकडे 1994 च्या कायद्यानं अवयव विकणं आणि विकत घेणं, दोन्ही गुन्हा आहे. आईबाप, भावंडं, नवरा-बायको, मुलं, आजीआजोबा आणि नातवंडं ही जवळची नाती. फोन करणाऱ्यांना आम्ही नाही सांगितलं, पण त्यातल्या एका बाईचा आवाज माझ्या कानांतून जात नाही. तिलाही कुणासाठी तरी पैसे हवे असणार.

पॅकेज 14 लाख 50 हजारांचं होतं, प्रत्यक्षात 13 लाख भरले. ते कसं, ते ऐका. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांतला दोन टक्के भाग गरीब रुग्णांच्या निधीत टाकावा लागतो. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटावं लागतं. आम्ही ते कागद पहिल्याच आठवड्यात दिले होते. सवलत किती मिळेल हे मात्र शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी ठरलं, तोवर तुमचे पैसे जमलेले होते. दीड लाख कमी झाले.

ते सगळे दीड लाख वाचले असं मात्र झालं नाही. पॅकेजमध्ये मुलीचे एकवीस दिवस होते. अठराव्या दिवशी तिला ताप चढला, जंतुसंसर्ग निघाला आणि ती सत्तावीस दिवस राहिली. पॅकेजच्या बाहेरच्या सहा दिवसांचे 72 हजार वेगळे द्यावे लागले. ज्यांच्या घरात अशी वेळ येईल त्यांनी अंदाजपत्रक हातात घेतल्यावर आकडा नंतर पाहावा. आधी पाहावं ते किती दिवसांचं आहे, आणि त्यात काय धरलेलं नाही. जास्तीचं रक्त, महागडी इंजेक्शनं, अतिदक्षता विभागातले जास्तीचे दिवस हे बहुतेक वेळा बाहेर असतात.

आईच्या यकृताचा डावीकडचा तुकडा, साधारण चौथा-पाचवा हिस्सा, मुलीला बसवला. आईचं यकृत काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा भरून येतं. आई आठव्या दिवशी बाहेर आली आणि पोटावर हात धरून काचेपलीकडे उभी राहायला लागली. डॉक्टरांनी तीन महिने जड उचलू नको म्हणून सांगितलं. यात हंडाही आला आणि लेकरूही.

बाहेर राहायला 38 हजार 400 लागले. खोली दिवसाला 300 रुपयांची, नव्वद दिवसांचे 27 हजार. बाकीचे 11 हजार 400 येण्याजाण्याचे. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे त्याची इथे मदत झाली. जेवणाचा खर्च घरच्यांनी तुमच्या पैशांत घातला नाही. आपण कुठेही असतो तरी जेवतोच की, असं मुलीची आजी म्हणाली.

सोडल्यानंतरच्या तीन महिन्यांत औषधांना 27 हजार 500 आणि रक्ताच्या तपासण्यांना 19 हजार, म्हणजे 46 हजार 500.

सगळं मिळून खर्च 15 लाख 88 हजार 100. शिल्लक 96 हजार 846.

आता मला ज्यासाठी खास वेळ हवा होता ते. ही शिल्लक जाहीर झाल्यावर आमच्या गटात बरीच बोलाबोली झाली. आई शिलाईकाम करते. चार महिने मशीन बंद, आणि गटाच्या कर्जाचे हप्ते थकले. एक वहिनी म्हणाल्या, तिनं तर पोट फाडून दिलं, तिचे हप्ते या पैशांतून का भरू नयेत? दात्याची बुडालेली मजुरी भरून देण्याला कायद्याची आडकाठी नाही, हे आम्ही समाजसेवकांना विचारून घेतलं होतं. पण आपल्या पत्रकावर काय लिहिलं होतं ते मी वाचून दाखवलं: शस्त्रक्रिया, तपासण्या, राहणं, औषधं. तुम्ही दहा रुपये दिलेत ते हे वाचून. हप्ता हा शब्द त्यात नव्हता. म्हणून तुमच्या पैशांतून हप्ते भरले नाहीत. गटातल्या आम्ही चौदा जणींनी आपापसांत वर्गणी काढून ते वेगळे भरले. तो हिशेब वेगळ्या पानावर आहे आणि त्याचा या बारा लाखांशी संबंध नाही. त्या वहिनींचा राग अजून पुरता गेलेला नाही, आणि मला त्यांचं म्हणणं चूक वाटतही नाही. पुढच्या वेळी पत्रक लिहिताना आईची मजुरी त्यात आधीच घालावी, हे आता आमच्या वहीत लिहिलंय.

शिल्लक परत का देत नाही, असंही विचारलं गेलं. कारण मुलीचा खर्च संपलेला नाही. दुसऱ्याचं यकृत शरीर परकं समजतं आणि त्याच्यावर चालून जातं. ते होऊ नये म्हणून टॅक्रोलिमस नावाचं औषध दर बारा तासांनी, जन्मभर द्यायचं. ते रक्तात कमी पडलं तर शरीर यकृत नाकारतं, जास्त झालं तर मूत्रपिंडांना अपाय होतो. म्हणून रक्तातली पातळी मोजत राहावं लागतं, आणि ते रक्त सकाळचा डोस देण्याआधी काढायचं असतं. आधी डोस दिला आणि मग रक्त काढलं तर आकडा फसवा येतो. आई सकाळी आठचा डोस पुडीत बांधून सोबत नेते आणि रक्त काढून झाल्यावर तिथेच देते. पहिल्यांदा आठवड्यातून दोनदा तपासणी होती, आता पंधरा दिवसांनी आहे, पुढे महिन्यावर जाईल. औषध आणि तपासणी मिळून सध्या महिन्याला सहा हजारांच्या आसपास जातात. म्हणजे आहे ती शिल्लक सोळा महिने पुरेल. त्यानंतरचा खर्च वडील आपल्या कमाईतून करणार आहेत, तसं त्यांनी बैठकीत सांगितलं. आम्ही निधीचं पान बंद केलंय आणि क्यूआर काढून टाकलाय. कुणी अजून पाठवायचं म्हटलं तरी आता घेणार नाही.

खात्यावर आईची आणि शाळेतल्या बाईंची अशा दोन सह्या लागतात. पैसे मागायच्या आधीच आम्ही एक कागद लिहून ठेवला होता. मुलीला काही बरंवाईट झालं तर उरलेले पैसे त्याच रुग्णालयात यकृताच्या आजारानं आलेल्या दुसऱ्या लेकरांच्या उपचाराला द्यायचे. त्यावर सही करताना आईचा हात थांबला होता, पण तिनं केली. तो कागद अजून वहीत आहे. पहिल्या वर्षात धोका जास्त असतो असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि आता कुठे चौथा महिना संपतोय.

काही जणांनी टाक्यांचे फोटो मागितले, पैसे खरंच लागले का ते पाहायला. ते आम्ही दिले नाहीत. बिलं दाखवू, पावत्या दाखवू, पासबुक दाखवू. मुलीचं पोट कुणाला दाखवायचं नाही. ती मोठी होणार आहे, शाळेत जाणार आहे. पत्रकावरचा तिचा एक फोटोही बारा लाख झाल्या दिवशी काढून टाकला. तुमच्या मोबाइलमध्ये तो असेल तर कृपा करून पुढे पाठवू नका.

जमाखर्चाची वही आणि बिलांच्या प्रती अंगणवाडीच्या खोलीत ठेवल्या आहेत. दर शनिवारी दुपारी दोन ते चार मी तिथे असते. बिलांवरचा मुलीचा रुग्ण-क्रमांक आणि पत्ता झाकलेला आहे, आकडे उघडे आहेत. ज्यांनी पाच रुपये टाकले त्यांनीही यावं आणि पाहावं. कर सवलतीची 80जी ची पावती मात्र आमच्याकडे मिळणार नाही. ती नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, एखाद्या व्यक्तीच्या उपचाराला दिलेल्या पैशांवर नाही. शिल्लक रकमेचा हिशेब दर तीन महिन्यांनी त्याच फळ्यावर लावू.

ऊसतोडीला गेलेल्या टोळीनं कारखान्याच्या गटावरून पाठवलेले 4,600 रुपये, यात्रा कमिटीनं तमाशाच्या सुपारीतून बाजूला काढलेले 15,000, परगावी नांदणाऱ्या लेकींनी माहेरचं गाव म्हणून पाठवलेले, आणि नाव न लिहिता बाजारात डब्यात पडलेले, हे सगळे त्या वहीत आहेत. जिथे नाव नाही तिथे आम्ही तारीख आणि डब्याचा क्रमांक लिहिलाय. आईनं सांगितलंय की त्या ओळी मी तिला एकदा वाचून दाखवाव्यात. येत्या शनिवारी दाखवणार आहे.